सोळा खोकी, एक लिफ्ट आणि "अभ्यास करून लिहीत जा"

> एवढी लांबलचक पोस्ट लिहिलीत पण मुळातच घोळ. वर स्वतःच T = 16X लिहिता, म्हणजे एसडी १६ × ५ = ८० होणार, मग ते २० कुठून आणलंत? उत्तर ०.०२२८ नाही, ०.३०८५ आहे. शिवाय फोटो तिरका आहे, खालची ओळ कापली गेलीये. आणि प्रत्यक्षात खोक्यांची वजनं स्वतंत्र वगैरे नसतातच. पोरं तुमचं वाचून परीक्षा देतात, जरा अभ्यास करून लिहीत जा.

लिफ्टच्या गणितावरच्या माझ्या पोस्टखाली आलेल्या या प्रतिक्रियेबद्दल आभार. दोन दिवस मुद्दाम थांबलो, कारण पहिल्या दिवशी जे टाइप केलं होतं ते वाचून बायको म्हणाली हे पोस्ट करू नकोस. तर ते पुसून हे लिहितोय.

चूक दाखवली याचा मला राग नाही. चुका होतात, वाचक दाखवतात, मी सुधारतो, हे इथं पहिल्यापासून चालू आहे. पण "२० कसं आलं ते कळलं नाही, सांगाल का" असं विचारायला तेवढेच शब्द लागले असते ना? तुम्ही विचारलं नाहीत, निकाल देऊन मोकळे झालात, आणि वर पोरांची काळजी. असो.

आधी जे माझं चुकलं ते कबूल करतो, म्हणजे नंतर म्हणायला नको की स्वतःची बाजू तेवढी रेटतो. पोस्टमध्ये वरच्या एका ओळीत सोळा खोक्यांच्या एकूण वजनासाठी मी T = 16X लिहिलं होतं, X म्हणजे एका खोक्याचं वजन. ते ढिसाळ आहे. लिहायला हवं होतं ते असं:

```
T = X1 + X2 + ... + X16
```

घाईत छोटं करून लिहिलं, खालचं सगळं गणित मात्र या दुसऱ्या ओळीचंच केलेलं आहे. तुम्ही खालचं गणित वाचलं असतंत तर दिसलं असतं. पण ठीक आहे, ओळ चुकीची होती, मान्य.

आता ते ८०. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी: फोटोतल्या प्रश्नात मालाच्या लिफ्टची क्षमता १००० किलो आहे, आत १६ खोकी चढवलीत, प्रत्येकाचं वजन नॉर्मल, सरासरी ६० किलो, एसडी ५ किलो, वजनं एकमेकांपासून स्वतंत्र. एकूण वजन १००० च्या वर जाण्याची शक्यता किती, एवढंच विचारलंय.

एकूण वजनाची सरासरी १६ × ६० = ९६० यावर आपलं भांडण नाही, छान. भांडण फरकावर आहे. तुमचं म्हणणं, एका खोक्यात ५ चा फरक तर १६ खोक्यांत ८० चा. ऐकायला अगदी सरळ वाटतं, आणि म्हणूनच मी याच्यावर एवढं लिहितोय, नाहीतर दोन ओळींत सोडून दिलं असतं.

नॉर्मल वगैरे घटकाभर बाजूला ठेवा. समजा खोकी दोनच प्रकारची आहेत, हलकं ५५ किलोचं आणि जड ६५ किलोचं, दोन्ही सारख्याच शक्यतेने येतात. सरासरी ६०, आणि दर खोकं सरासरीपासून बरोब्बर ५ ने लांब, म्हणजे एसडी ५. आता अशी दोन खोकी घ्या. चार गोष्टी होऊ शकतात: दोन्ही हलकी, पहिलं हलकं दुसरं जड, पहिलं जड दुसरं हलकं, दोन्ही जड. एकूण वजन १२० पासून किती हटलं? −१०, ०, ०, +१०. वर्ग करा: १००, ०, ०, १००. सरासरी ५०, वर्गमूळ साधारण ७.०७. दहा नाही आलं. कारण निम्म्या वेळा एकाचं जास्तीचं वजन दुसऱ्याच्या कमी वजनाने भरून निघालं.

आणि 2X म्हणजे काय? एकच खोकं काट्यावर ठेवायचं आणि आकडा दुप्पट करायचा. तिथं फरक दर वेळी −१० किंवा +१०, मधलं शून्य येतच नाही, कारण भरून काढायला दुसरं खोकंच नाही. तिथं एसडी १० हे बरोबर. तुमचं ८० हे असंच आहे, एक खोकं जोखलं आणि त्याला १६ ने गुणलं.

हे मी पुस्तकातून उचलून सांगत नाहीये. शिकवायला लागायच्या आधी सहा वर्षं एका गोदामात डिस्पॅचला होतो, लिफ्टच्या दारापाशी वजनकाटा आणि हातात पॅड, दिवसभर तेच. माणूस खोकं काट्यावर ठेवायचा, मी आकडा लिहायचो, आणि सवयीने शेजारी ६० पेक्षा किती कमी-जास्त ते पण लिहायचो. एका फेरीची पट्टी अशी दिसायची:

```
+6 -3 +1 -7 +4 +9 -5 0 -2 +3 -6 +8 -4 +2 +5 -1
```

अगदी हाच कागद जपून ठेवलाय असं नाही, आत्ता लिहिली, पण दिसायचं हे असंच. बेरीज करून बघा, +१० येते, म्हणजे लिफ्टमध्ये ९७० किलो. एकेका खोक्याकडे बघाल तर ९ ने जड आहे, ७ ने हलकं आहे, यांची एसडी जवळजवळ ५ च आहे, पण सोळांची मिळून घसरण फक्त दहाची. ८० ने वर जायचं तर सरासरी प्रत्येक खोकं ५ ने जड पाहिजे. वरच्या ५५-६५ च्या खेळात तसं व्हायची शक्यता ६५,५३६ मध्ये १. आणि तुमच्या हिशोबाने ८० हा नेहमीचा, रोजचा फरक! सहा वर्षं त्या दारापाशी उभा होतो हो मी.

मग २० कुठून? दोन खोक्यांच्या फरकांच्या बेरजेचा वर्ग उलगडला की पहिल्याचा वर्ग, दुसऱ्याचा वर्ग आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट येते. खोकी स्वतंत्र असली की तो गुणाकार जितका धन तितकाच ऋण येतो आणि सरासरीत शून्य होतो (वरच्या चार शक्यतांत +२५, −२५, −२५, +२५, करून बघा). उरतात फक्त वर्ग. म्हणून एसडींची बेरीज होत नाही, व्हेरियन्सची होते. प्रत्येकाचा व्हेरियन्स २५, सोळांचा ४००, वर्गमूळ २०. इथपर्यंत नॉर्मल असण्याचा संबंधच नाही. तो येतो शेवटी, टेबल उघडताना, कारण स्वतंत्र नॉर्मल वजनांची बेरीजही नॉर्मलच असते.

```
Z = (1000 - 960) / 20 = 2
P(Z > 2) = 1 - 0.9772 = 0.0228
```

आता तुमचं ०.३०८५. ते उत्तर आहे, पण भलत्याच प्रश्नाचं. एकूण १००० व्हायचं तर खोक्यामागे सरासरी ६२.५ किलो पडायला हवेत. कुठलंही एक खोकं उचललं तर ते ६२.५ च्या वर असण्याची शक्यता किती? ६० पासून २.५ लांब, म्हणजे अर्धी एसडी, टेबलमधून ०.३०८५. आला ना तोच आकडा? तुम्ही एका खोक्याचा प्रश्न सोडवलात आणि उत्तर लिफ्टला चिकटवलंत. सोळांची *सरासरी* ६२.५ च्या वर जाणं ही फार अवघड गोष्ट आहे, तिची एसडी ५ भागिले ४ म्हणजे १.२५ च असते, त्यामुळे तेच २.५ अंतर आता दोन एसडीचं होतं आणि फिरून ०.०२२८.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक सवय लावतो: उत्तर आलं की त्याला फेऱ्यांच्या भाषेत वाचायचं. ०.३०८५ म्हणजे दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला लिफ्ट ओव्हरलोड. ०.०२२८ म्हणजे साधारण ४४ फेऱ्यांत एकदा. आता तुम्हीच सांगा, क्षमतेपेक्षा सरासरीने ४० किलो कमी भरलेली लिफ्ट दर तिसऱ्या फेरीला अडेल का. हे वाचायला अभ्यास लागत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. फोटो तिरका आहे कारण वाचकाने तसा पाठवला, कापलेल्या ओळीत मार्क छापले होते.

राहिलं "स्वतंत्र नसतातच". प्रश्नात स्वतंत्र लिहिलंय, म्हणजे परीक्षेपुरता विषय संपला. बरं, नसली तर? समजा भरणाऱ्या काट्यातच गडबड आहे आणि एक जड आलं की बाकीचीही जराशी जडच येतात, कुठल्याही दोन खोक्यांत सहसंबंध फक्त ०.१. मग तो मघाचा गुणाकार शून्य होत नाही. १६ खोक्यांच्या जोड्या १२०, प्रत्येक जोडी व्हेरियन्समध्ये २ × ०.१ × २५ = ५ ची भर घालते, एकूण ६०० वाढले, ४०० चे १००० झाले. एसडी ३१.६, झेड १.२६, आणि शक्यता दहा टक्क्यांच्या थोडी वर. हो, २.२८ वरून दहावर, फरक लहान नाही हे मलाही दिसतंय. तुम्ही एवढाच मुद्दा धरला असतात तर त्यावर वेगळी पोस्ट झाली असती. पण तुमचं ८० यायला सहसंबंध पूर्ण १ लागतो, म्हणजे सोळाही खोकी एकाच वजनाची, फेरीगणिक सगळी मिळून जड नाहीतर सगळी मिळून हलकी. तसलं गोदाम मी पाहिलेलं नाही, आणि तुम्ही पाहिलं असेल तर तसं लिहायचं होतं, मला अभ्यासाला कशाला बसवताय.

मूळ पोस्टमधली T = 16X ची ओळ आत्ता बदलली आहे. खाली "एका वाचकाने लक्षात आणून दिलं" असंही टाकलंय, नाव नाही टाकलं, हवं असेल तर कळवा.