दोन ग्राफिक्स कार्डांच्या मेमरीची बेरीज होत नाही

"८ जीबीची दोन जुनी कार्डं जोडली की १६ जीबी मिळतात, नव्या गेमना पुरेशी."

नाही मिळत. एसएलआय या एनव्हिडियाच्या कार्डं जोडायच्या पद्धतीत दोन्ही कार्डं सहसा आळीपाळीने फ्रेम काढतात, म्हणून तीच टेक्स्चर्स प्रत्येकाला आपल्या मेमरीत ठेवावी लागतात; हाती ८ जीबीच राहतात. शिवाय आजचे बहुतेक गेम मागच्या फ्रेमची माहिती पुढच्या फ्रेमसाठी वापरतात. ती दुसऱ्या कार्डावरून येईपर्यंत थांबावं लागतं आणि फायदा तिथेच संपतो. एनव्हिडियाने तर २०२१ पासून एकेका गेमसाठी लागणारी नवी एसएलआय प्रोफाइल्स देणंच थांबवलं.

मी नागपुरात दोन जीटीएक्स १०७० वापरली. नव्या गेममध्ये दुसऱ्या कार्डाचा वापर शून्याजवळ दिसायचा. जुन्या गेममध्ये दोन्ही चालायची, पण मे महिन्यात वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढून भयंकर तापायचं. शेवटी दोन्ही विकून १२ जीबीचं एकच घेतलं, तेव्हा गेम अडखळायचे थांबले.