दूध कमी पडते की तसे वाटते: पत्रकावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचे बाळंतिणींसाठीचे पत्रक वाचले. "बहुतेक आयांना पुरेसे दूध येते" हे वाक्य वाचून माझी मुलगी निर्धास्त राहिली आणि सहाव्या दिवशी बाळाचे वजन घटले म्हणून आमची धावपळ झाली. असा धीर द्यायचाच कशाला? आणि वरचे दूध दिले तर एवढे काय बिघडते? आमच्या वेळी सरळ बाटली लावायचे. — एक आजी»

आजी, आपल्या नातवंडाचे वजन आता वाढू लागले असेल, अशी आशा आहे. आपला राग मला समजतो. तरीही ते वाक्य मी पत्रकातून काढणार नाही. मात्र ते कोणासाठी लिहिले आहे आणि कुठपर्यंत लागू पडते, हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

दूध कमी पडते असे आईला वाटते तेव्हा तिच्यासमोर बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: छाती पूर्वीसारखी भरून येत नाही, संध्याकाळी बाळ तासातासाला मागते आणि पंप लावला की बाटलीच्या तळाशी जेमतेम दूध दिसते. या तिन्हींवरून दुधाचा अंदाज बांधता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांनंतर, साधारण दीड महिन्याच्या सुमारास, शरीर बाळाच्या मागणीइतकेच दूध तयार करू लागते आणि छाती मऊ वाटते. संध्याकाळी थोड्या थोड्या वेळाने पाजून घेणे ही तान्ह्या बाळाची रीतच असते. पंपाचे म्हणाल, तर नीट धरलेले बाळ जितके दूध ओढते तितके यंत्राला अनेकदा येत नाही. आधीच थकलेल्या बाळंतिणीला या खुणांवरून घाबरवले, तर घरात पहिली गोष्ट येते ती पावडरचा डबा. पत्रकातले ते वाक्य या घाबरण्यावरचे उत्तर आहे. ज्या बाळाचे वजन वाढत नाही, त्याच्या आईसाठी ते नाही.

आता बाटलीबद्दल. स्तनातले दूध बाहेर पडते तेव्हा नवे दूध तयार होण्याचा वेग वाढतो आणि दूध आत साठून राहिले की तो मंदावतो. बाळ बाटलीवर पोट भरून तीन-चार तास झोपले, तर तितका वेळ छातीतले दूध कोणी काढत नाही. दिवसातून दोन-तीनदा असे झाले की काही दिवसांत दूध खरोखरच कमी होते आणि मग सगळे म्हणतात, "बघा, दूध नव्हतेच." आपल्या वेळच्या कितीतरी बायकांच्या बाबतीत हेच घडले असावे, असे मला वाटते, बाटली आली आणि तिच्यामागून दूध आटले. याचा अर्थ वरचे दूध कधीच देऊ नये असा नाही. कधी द्यावे लागते आणि कसे द्यावे, ते पुढे येईलच.

मग पाहायचे काय? बाळाच्या पोटात किती गेले हे दिसत नाही, पण बाहेर किती आले ते दिसते. पहिल्या दिवशी एक लंगोट ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन असे वाढत पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान 6 लंगोट चांगले भिजायला हवेत. शीचा रंग त्याहून बोलका असतो. सुरुवातीची काळी, डांबरासारखी चिकट शी तिसऱ्या दिवसाच्या आसपास हिरवट होते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी, पातळ, दाणेदार होऊन दिवसातून तीन-चार वेळा येते. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, तर बाळाच्या पोटात पुरेसे दूध जात नसण्याची शक्यता मोठी असते. शूच्या जागी विटेच्या चुऱ्यासारखा नारिंगी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसला तर चालतो. त्यानंतर दिसत राहिला तर बाळाला तपासून घ्यावे. डिस्पोजेबल डायपरमध्ये ओलावा जाणवत नाही. एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात धरून पाहावा, म्हणजे चांगला भिजलेला डायपर किती जड लागतो ते कळते. मी स्वतः पहिला आठवडा कापडी लंगोटच सुचवते. धुण्याचा त्रास आहे, पण हिशेब चुकत नाही.

लंगोटांचा हा हिशेबही पहिल्या चार-पाच दिवसांत फसवू शकतो, म्हणून शेवटचा शब्द वजनाचा. जन्मानंतर बाळाचे वजन थोडे उतरतेच, आणि आईला प्रसूतीच्या वेळी बरीच सलाइन लागली असेल तर पहिल्या दिवशीची घट काही अंशी अंगातल्या जादा पाण्याची असते. सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांपर्यंतची घट पाजणे नीट चालू असेल तर काळजीची नसते; त्याहून अधिक उतरले तर पाजणे नीट पाहिले पाहिजे; आणि 10 टक्के किंवा अधिक उतरले तर त्याच दिवशी बाळाला दाखवले पाहिजे. पाचव्या दिवसानंतर उतार थांबावा, दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन परत यावे आणि त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ व्हावी.

ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एक उदाहरण देते, कारण ते आपल्या अनुभवाच्या जवळचे आहे. सिझेरियनने झालेली मुलगी, जन्मवजन 2900 ग्रॅम. चौथ्या दिवशी घरी सोडताना 2640 ग्रॅम, म्हणजे 9 टक्के घट. "दूध यायला सिझेरियननंतर वेळ लागतो," असे सांगून त्यांना घरी पाठवले होते. हे खोटे नाही, पण पुन्हा वजन कधी करायचे हे कोणी सांगितले नव्हते. सहाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा वजन 2600 होते, आदल्या चोवीस तासांत तीनच लंगोट ओले झाले होते आणि शी अजून काळसर हिरवी होती. आजीबाई म्हणत होत्या, "चाळीस-चाळीस मिनिटे अंगावर असते हो, दूध कमी कसे पडेल?"

आम्ही त्यांच्यासमोर एकदा पाजून घेतले. पाजण्याची तपासणी म्हणजे हेच: कोणीतरी जाणकार व्यक्तीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाजणे बघणे. पहिली तीन-चार मिनिटे गिळण्याचा आवाज आला, मग नुसती ओठांची हालचाल आणि डुलकी. तोंड पुरते उघडलेले नव्हते, हनुवटी छातीला टेकलेली नव्हती, आणि बाळाने स्तनाग्र सोडले तेव्हा ते नव्या लिपस्टिकच्या टोकासारखे एका बाजूने तिरके चेपलेले होते. आई दुखणे सोसत होती आणि त्याविषयी काही बोलत नव्हती. अडचण दूध तयार होण्यात नव्हती, ते बाळाच्या तोंडात पोहोचण्यात होती. आणि न ओढलेले दूध तसेच आत राहिले असते, तर चार दिवसांनी तयार होण्याचीही अडचण झाली असती.

टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला कुशीखाली, बगलेच्या बाजूने धरायला शिकवले. बाळाचे पोट आईच्या अंगाला चिकटलेले, नाक स्तनाग्रासमोर, तोंड मोठे उघडल्यावरच जवळ घ्यायचे. दर अडीच-तीन तासांनी उठवून पाजायचे, डुलकी लागली की स्तन हलके दाबून धार द्यायची, आणि पाजून झाल्यावर दोन्ही बाजूंचे उरलेले दूध हाताने किंवा पंपाने काढून वाटी-चमच्याने द्यायचे. बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासले, कावीळ पाहिली, आणि काढलेले दूध अपुरे पडेल तितकेच पावडरचे दूध, तेही मोजून, प्रत्येक पाजण्यानंतर वाटी-चमच्याने द्यायला सांगितले. आठव्या दिवशी वजन 2660 झाले, दहाव्या दिवशी 2730. शी पिवळी झाली, लंगोट सहा-सात होऊ लागले, तसे पावडरचे दूध टप्प्याटप्प्याने कमी करून चौदाव्या दिवशी बंद केले. जन्मवजन परत यायला दोन आठवड्यांहून थोडे अधिक लागले. पण आलेख सतत वर जात होता, म्हणून आम्ही घाई केली नाही.

आपल्या बाटलीच्या प्रश्नाचे उत्तर या उदाहरणात आहे. त्या बाळाला वरचे दूध लागले आणि ते दिले. मात्र वजन पाहून, मोजून, अंगावर पाजल्यानंतर, छाती रिकामी करत राहून आणि बंद कधी करायचे हे ठरवून दिले. बाळ उपाशी ठेवून स्तनपान टिकवायचे नसते. आईचा घाबरा चेहरा पाहून रात्री दोन वाजता डबा फोडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

काही आयांना खरोखरच दूध कमी येते, हेही पत्रकात आहे, कारण ते न सांगणे अन्यायाचे ठरेल. गरोदरपणात छातीत काहीच बदल न जाणवलेल्या, बाळंतपणात जास्त रक्तस्राव झालेल्या, थायरॉइड, मधुमेह किंवा पीसीओएस असलेल्या, स्तनांची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांनी आणि तीन दिवस उलटूनही ज्यांना दूध उतरल्याचे जाणवत नाही त्यांनी लंगोटांची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. त्यांच्यातल्या काहींना अंगावरचे आणि वरचे असे दोन्ही द्यावे लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. डिंकाचे, अळिवाचे लाडू अवश्य खावेत, बाळंतिणीला भूक असतेच; पण बाळाने नीट न धरलेल्या छातीचे काम लाडू करत नाहीत.

तपासणीसाठी दुसऱ्या दिवसाची वेळ घेऊन थांबणे चालणार नाही, अशा गोष्टी पत्रकात वेगळ्या चौकटीत आहेत. बाळ पाजायला उठवूनही उठत नाही, अंग ढिले पडले आहे, आठ-दहा तासांत एकदाही शू झालेली नाही, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा आला आहे, ताप आहे किंवा अंग गार लागते आहे, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयात जावे. एरवी आशाताई घरी येतात त्या भेटींमध्येही (रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी) वजन करून घेता येते. फक्त शक्यतो दरवेळी त्याच काट्यावर आणि कपडे काढून करावे.

आपल्या मुलीचे पाजणे अजून कोणी बघितले नसेल, तर वजन वाढू लागले असले तरी ते एकदा बघून घ्यावे. जाताना जन्मवजन, रुग्णालयातून सोडतानाचे वजन आणि आदल्या चोवीस तासांत किती वेळा पाजले, किती लंगोट ओले झाले, किती वेळा शी झाली, वरचे दूध किती दिले, एवढे एका कागदावर लिहून न्यावे, आणि बाळ भुकेले असेल अशा वेळी पोहोचावे, म्हणजे तिथे ते प्रत्यक्ष पाजून दाखवता येईल.