सातव्या फेरीतलं शून्य

«प्रॉक्सिमल ग्रेडियंट हे नुसतं भारदस्त नाव आहे. लॉसमध्ये λ|w| जोडा, नेहमीचा ग्रेडियंट डिसेंट चालवा आणि शेवटी λ पेक्षा लहान गुणांक शून्य करून टाका. सॉफ्ट थ्रेशोल्डिंग म्हणजे एवढंच. आणि एकदा शून्य झालेला कॉलम परत येत नाही. तो बिनकामाचा असतो, डेटातून काढून टाकला तरी चालतं.»

वरचं म्हणणं बऱ्याचदा ऐकू येतं. ते तपासायला हातानं करता येईल असं एक उदाहरण घेऊन बसू. फ्लॅटची किंमत काढायची आहे आणि कॉलम दोनच आहेत, कार्पेट एरिया आणि खोल्या. दोन्ही कॉलम मध्याभोवती आणून त्यांची लांबी १ केली आहे. मोठ्या फ्लॅटला खोल्याही जास्त असतात, म्हणून दोघांचा आपसातला गुणाकार ०.८ धरू. किमतीशी एरियाचा गुणाकार १, खोल्यांचा ०.७. उद्दिष्ट लॅसोचं, ½‖y − Xw‖² + λ‖w‖₁, आणि λ = ०.२. आकडे मी सोयीसाठी बनवले आहेत, पण असे दोन जुळलेले कॉलम कुठल्याही खऱ्या डेटात भेटतात.

पायरी η किती घ्यायची? कॉलमांच्या आपसातल्या गुणाकारांच्या मॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू १.८, म्हणून १/१.८ च्या आत राहायचं. मी ०.५ घेतो. सगळी पद्धत इतकीच:

```python
import numpy as np
G = np.array([[1, .8], [.8, 1]])
b = np.array([1, .7])
eta, lam = .5, .2
w = np.zeros(2)
for k in range(20):
    z = w + eta * (b - G @ w)
    w = np.sign(z) * np.maximum(np.abs(z) - eta * lam, 0)
```

`z` ही ओळ म्हणजे साधी ग्रेडियंटची पायरी, तिच्यात λ चा पत्ताच नाही. λ येतो तो पुढच्या ओळीत: प्रत्येक गुणांक शून्याच्या दिशेनं ηλ, म्हणजे इथे ०.१, इतका सरकतो आणि शून्य ओलांडणार असेल तर शून्यावरच थांबतो.

पहिल्या फेरीत z होतं (०.५, ०.३५), कापल्यावर (०.४, ०.२५). म्हणजे सुरुवातीला खोल्यांनाही चांगलं वजन मिळालं. पुढे एरियाचा गुणांक वाढत जातो आणि जी किंमत खोल्या समजावत होत्या ती तो स्वतःकडे घेतो. खोल्यांचा गुणांक असा उतरतो: ०.२५, ०.२१५, ०.१५८, ०.१०३, ०.०५४, ०.०१०. सातव्या फेरीत त्याचं z येतं ०.०७०. हे ०.१ पेक्षा कमी, म्हणून गुणांक शून्य. दशांशात लांब कुठेतरी काही उरलेलं शून्य नव्हे, `w[1] == 0` ला `True` म्हणणारं शून्य. (z ऋण असेल तर नमपाय `-0.` छापतं. घाबरू नका, तेही शून्यच.) त्यानंतर एरियाचा गुणांक ०.८ कडे जातो आणि खोल्यांचं z ०.०३ वर स्थिरावतं. पट्टा ०.१ चा आहे, त्यामुळे ते बाहेर पडत नाही.

आता λ|w| हा दंड लॉसमध्ये जोडून तेच करा. एरिया ०.८ वर धरून ठेवू, म्हणजे फक्त खोल्यांकडे बघता येईल. गुणांक ०.०१ वर आहे. तिथे डेटा त्याला वर ढकलतो ०.०५ नं, दंड खाली ओढतो ०.२ नं. पायरी ०.५, म्हणजे तो जातो −०.०६५ वर. आता दंडाचं चिन्ह उलटलं, दोघेही वर ढकलतात, आणि गुणांक पोचतो ०.०९७५ वर. पुढे −०.०२१, मग ०.११९. शून्याच्या दोन्ही बाजूंना झोके घेत राहतो, शून्यावर कधी बसत नाही. पायरी हळूहळू लहान करत नेली तर झोका लहान होतो, पण गुणांक नेमका शून्यावर उतरायला काही कारणच नसतं. पायटॉर्चमध्ये तर आणखी गंमत: `w.abs().sum()` चा शून्यापाशी ग्रेडियंट ० धरला जातो. म्हणजे खोल्यांचा गुणांक तुम्ही बरोबर उत्तरावर, शून्यावर, ठेवून सुरुवात केलीत तरी दंड गप्प बसतो आणि पहिल्याच पायरीत गुणांक ०.०३ वर निघून जातो.

कारण |w| च्या टोकात आहे. शून्यापाशी त्याला एक उतार नाही, −λ ते λ मधला कुठलाही उतार चालतो. डेटाचा जोर λ पेक्षा कमी असेल तर त्याला नेमका तोलणारा उतार तिथे मिळतोच, म्हणून शून्य हा खरा तळ असतो. पण ग्रेडियंट डिसेंटला दर वेळी एकच उतार लागतो, आणि तो या सबंध पट्ट्यातून चुकीचा उचलतो. प्रॉक्सिमल पायरी उतार उचलतच नाही. ती z जवळ राहण्याचा खर्च (w − z)²/2η आणि λ|w| यांची बेरीज नेमकी किमान करते, आणि त्या छोट्या गणिताचं उत्तर म्हणजेच वरची कापाकापीची ओळ.

शेवटी एकदा कापण्याची सोय मग का चालत नाही? ०.००१ खालचं कापलंत तर वरचे झोके, −०.०६५, ०.११९, सगळे शाबूत राहतात. λ खालचं कापायचं तर दुसरा अडथळा. खोल्यांचा किमतीशी गुणाकार ०.७ ऐवजी ०.९ करा, बाकी सगळं तेच ठेवा. आता लॅसोचं खरं उत्तर (०.६६७, ०.१६७) येतं. खोल्यांचा गुणांक शून्य नाही, पण ०.२ पेक्षा लहान आहे, म्हणून तुमची कात्री तो उडवेल. λ ची तुलना गुणांकाशी करायचीच नसते. λ ची तुलना होते ती कॉलम आणि उरलेली चूक यांच्या गुणाकाराशी, म्हणजे डेटा त्या गुणांकाला किती जोरानं ढकलतो त्याच्याशी. दोघांची एककंसुद्धा वेगळी आहेत.

हीच गल्लत कोडमध्ये `eta * lam` च्या जागी नुसतं `lam` लिहून होते. मी स्वतः एकदा ती केली आणि आठवडाभर खूश होतो, कारण मॉडेल मस्त विरळ दिसत होतं. प्रोग्राम अडत नाही, उत्तरही स्थिर येतं, फक्त ते λ/η साठीच्या लॅसोचं असतं. आपल्या पहिल्या उदाहरणात एरिया ०.८ ऐवजी ०.६ वर थांबेल. ओळखायची खूण सोपी: η अर्धा करून पुन्हा चालवा. उत्तर बदललं तर कापणीत η लिहायचा राहून गेला आहे. पायरीचा आकार वेग ठरवतो, मुक्कामाचं गाव नाही.

या ०.८ बद्दल आणखी एक. λ नसता तर एकट्या एरियाचा गुणांक १ आला असता. म्हणजे जो वाचला त्यालाही ०.२ ची झळ लागलीच. मोठे गुणांक जसेच्या तसे राहतात ही समजूत हार्ड थ्रेशोल्डिंगची आहे, सॉफ्टची नव्हे. ही झळ नको असेल तर लॅसोनं निवडलेल्या कॉलमवर पुन्हा साधी लीस्ट स्क्वेअर्स चालवतात. तो वेगळा टप्पा आहे आणि तसाच सांगावा.

आता परत येण्याबद्दल. तेच ०.९ चं उदाहरण घ्या, पण सुरुवात (१, ०) पासून करा, जशी आधीचा एखादा अंदाज हाताशी असताना आपण करतो. पहिल्या फेरीत खोल्यांचं z ०.०५, कापून शून्य. दुसरीत ०.०९, पुन्हा शून्य. एवढ्यात एरिया १ वरून ०.८५ वर आला, त्यानं जागा मोकळी केली, आणि तिसऱ्या फेरीत खोल्यांचं z ०.११ होतं. गुणांक ०.०१. उठला, आणि पुढे ०.१६७ पर्यंत गेला. दुसऱ्या फेरीनंतर तुम्ही तो कॉलम डेटातून काढला असता तर एरिया ०.८ वर जाऊन बसला असता आणि कोणी कुरकुरलंही नसतं. कॉलम आधीच गाळण्याचे खात्रीचे नियम आहेत, पण ते उत्तरात तो कॉलम शून्यच असणार हे आधी सिद्ध करून गाळतात, एखाद्या फेरीत शून्य दिसला म्हणून नाही.

उलट चूकही होते. पहिल्या उदाहरणात पाचव्या फेरीला थांबलात तर खोल्या ०.०५४ वर दिसतात आणि तुम्ही लिहाल की दोन्ही कॉलम निवडले गेले. म्हणून फेऱ्या मोजण्यापेक्षा `b - G @ w` छापून बघा. शून्य नसलेल्या गुणांकासमोर तिथे नेमका ±λ यायला हवा, शून्यासमोर, चिन्ह सोडून, λ किंवा कमी. पाचव्या फेरीनंतर खोल्यांसमोर ०.११ दिसतं, ०.२ नाही, म्हणजे काम बाकी आहे. शेवटी तिथे ०.०६ येतं. हा आकडा ०.२ पासून बराच दूर असल्यामुळे शून्य सातव्या फेरीतच सापडलं. तो ०.१९९ असता तर खूप जास्त फेऱ्या लागल्या असत्या.

राहिला बिनकामाचा शिक्का. खोल्यांचा किमतीशी गुणाकार ०.७ होता, साध्या लीस्ट स्क्वेअर्समध्ये त्यांचा गुणांक −०.२८ येतो (तेवढ्याच एरियात जास्त खोल्या म्हणजे कोंदट खोल्या, ऋण चिन्ह पटण्यासारखं आहे), आणि लॅसो म्हणतो शून्य. शून्याचा अर्थ इतकाच की एरिया आधी घेतल्यावर खोल्यांकडे सांगण्यासारखं ०.०६ उरलं आणि या λ ला ते पुरेसं नव्हतं. एकच कॉलम चुकून दोनदा आला तर हे आणखी उघड दिसतं. दोघांचाही किमतीशी गुणाकार १ असेल तर प्रॉक्सिमल ग्रेडियंट शून्यापासून निघून पहिल्याच फेरीत दोघांना ०.४, ०.४ देतो. सायकिट-लर्नचा `Lasso` कोऑर्डिनेट डिसेंट चालवतो, तोही हीच कापणी वापरतो पण एका वेळी एका कॉलमवर. त्यात ज्याचा नंबर आधी लागला त्याला ०.८ आणि जुळ्या भावाला शून्य. दोन्ही उत्तरांची किंमत सारखीच, दोन्ही बरोबर. (तिथल्या `alpha` शी जुळवताना आपला λ नमुन्यांच्या संख्येनं भागायचा, कारण त्यांच्या उद्दिष्टात वर्गांची बेरीज 2n नं भागलेली असते.) आता यातला कुठला कॉलम बिनकामाचा, हे कॉलमांचा क्रम उलटा करून पुन्हा विचारा.