चक्क म्हणजे फणस

फणस फोडण्याआधी हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावतात. आधी फणस फोडला आणि मग चिकाळलेल्या हातांनी तेलाची बाटली शोधली, तर बाटली, कपाट आणि शोधणारा असं सगळं एकमेकांना चिकटतं. हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तोच पोरगा मोठा होऊन सूत्रसंचालक झाला आणि व्यासपीठावर परभाषक पाहुणा बसला, की दुभाष्याची सूचना तो बरोब्बर फणस फोडल्यावर देतो. पाहुण्यांची दोन वाक्यं होतात, सभागृहात चुळबूळ सुरू होते आणि हा धावत माइकपाशी येतो : "हां, तर ते हेडफोन दिलेत ना, ते लावा."

ह्या कामात आम्हा सूत्रसंचालकांची जी त्रेधा उडते ती समजायला एक नमुना घेऊ. कुडाळमधलं एक मंगल कार्यालय, मे महिना, फणसावरच्या प्रक्रियेची कार्यशाळा. वक्ते केरळातले, कारण फणस हे केरळचं 2018 पासून अधिकृत राज्यफळ आहे आणि आपल्याकडे तो अजूनही पावसाळ्यात झाडाखाली कुजतो. वक्ते बोलणार मल्याळममध्ये. समोर शंभर मालवणी माणसं. दुभाषी बाई दोडामार्गच्या. त्या बाजूला केरळातली बरीच कुटुंबं रबर आणि अननसाच्या शेतीसाठी येऊन राहिली, त्यांपैकी एकातल्या आणि मराठी शाळेत शिकलेल्या. भाड्याने आणलेले कानातले रिसीव्हर एकशे दहा. दहा जास्त, कारण त्यांतले काही मुके निघतातच.

आता गोम अशी, की वक्त्याची ओळख मी मराठीत करून देतो. म्हणजे त्या पाच मिनिटांत सभागृहातल्या एकाही माणसाला रिसीव्हरची गरज नसते. तो कानात घालावा असं कोणाला का वाटेल? लोक तो मांडीवर ठेवतात, पोराला खेळायला देतात, कोणी त्याने पाठ खाजवतो. त्या वेळी गरज असते फक्त एका माणसाला, आणि ती म्हणजे खुद्द वक्त्यांना. आपल्याबद्दल चाललंय एवढं त्यांना कळतं, म्हणून ते प्रत्येक वाक्याला हात जोडतात. मी "चहा उशिरा येतोय, क्षमस्व" म्हणालो तरी हात जोडतात.

म्हणून पहिला नियम : दुभाषी बाई ओळख चालू असताना वक्त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. त्यांच्या कानाशी कुजबुजत मल्याळममध्ये सगळं सांगणार. एकदोन माणसांपुरतं कुजबुजणं ही ह्या धंद्यातली मान्य पद्धत आहे, उपकरण लागत नाही. मात्र व्यासपीठावरचे अध्यक्ष ह्या कुजबुजीकडे संशयाने बघतात, म्हणून बाईंची ओळख आधी आणि नावानिशी करून द्यावी लागते. ती हमखास राहते. शाल-श्रीफळाच्या वेळी "अहो ताई, जरा हे ताट धरा" म्हणून त्यांना उभं केलं जातं ते वेगळंच. ह्यालाही परंपरा आहे म्हणा. 1674 साली रायगडावर इंग्रजांचा वकील ऑक्झेंडन राज्याभिषेकाला आला, तेव्हा त्याचा दुभाषी होता नारायण शेणवी, आणि महाराजांना नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवली ती त्यानेच. पण निदान त्याचं नाव तरी ऑक्झेंडनने लिहून ठेवलं.

दुसरा नियम : रिसीव्हरची सूचना वक्त्यांच्या ओळखीच्या आधी, शेवटी नाही. शेवटी टाळ्या असतात आणि टाळ्यांत सूचना वाहून जाते. सूचनेला चाळीस सेकंद पुरतात, पण शब्द ठरलेले हवेत. माझा मजकूर असा असतो : "आजचे पाहुणे मल्याळममध्ये बोलणार आहेत. तुमच्या हातातल्या यंत्रात ते मराठीत ऐकू येईल. यंत्राचा आकडा एका कानात अडकवा, दुसरा कान मोकळा ठेवा. बाजूच्या चाकाने आवाज कमीजास्त होतो. दुसरं कोणतंही बटण दाबू नका. आत्ता लावा, मी थांबतो." आणि मग खरंच थांबायचं. हे सगळ्यांत अवघड. दहा सेकंदांची शांतता सूत्रसंचालकाला दहा मिनिटांची वाटते आणि तो मध्येच चारोळी म्हणून टाकतो.

"दुसरं कोणतंही बटण" हे बोलून भागत नाही. वाहिनी बदलायच्या बटणावर आदल्या रात्री चिकटपट्टी लावायची, एकशे दहाच्या एकशे दहा यंत्रांवर. नाहीतर भाषण सुरू झाल्यावर मागच्या रांगेतून हाक येतेच, "माका कायच आयकाक येना नाय!" यंत्र चांगलं असतं, फक्त ते एक नंबरावरून सात नंबरावर गेलेलं असतं आणि सातवर कोणीच बोलत नसतं.

मग चाचणी. "ऐकू येतंय का?" हे मी ध्वनिक्षेपकावरून विचारलं तर शंभर जण "होय" म्हणणार, कारण त्यांनी मलाच ऐकलं. चाचणी फक्त बाईंनी घ्यायची, त्यांच्या माइकवरून, कानातल्या कानात. हात वर करायला सांगितलं तर तेही फसतं. शेजाऱ्याने केला म्हणून न ऐकलेलाही करतो. त्यावर उपाय असा, की कामाची बातमी कानातून सोडायची. बाई हळूच म्हणतात, "जेवण दीड वाजता आहे, मोदक आहेत." सभागृहात समाधानाची एक लाट जाते आणि यंत्र न घेतलेले अकरा जण आपणहून उठून टेबलापाशी जातात.

आता बाई बसणार कुठे? दुभाष्यांसाठी असते तसली काचेची खोली कुडाळात कोण आणून देणार? त्या व्यासपीठाच्या बाजूला, पडद्याआड, लोकांपासून पंधरावीस फुटांवर बसतात. पण त्यांच्या कानात वक्त्यांचा आवाज थेट मिक्सरमधून निघालेल्या तारेनेच यायला हवा. साउंडवाला म्हणतो, "एवढा मोठा बॉक्स लावलाय, ऐकू येणारच की." येतं, पण घुमून येतं, आणि स्वतःच बोलत असताना दुसऱ्याचं ऐकायचं असल्यावर घुमलेला आवाज निरुपयोगी. मग बाई आवाज चढवतात, पुढच्या दोन रांगांना दोन्ही भाषा एकदम ऐकू येतात आणि भजनात दोन बुवा शिरल्यासारखं होतं.

वक्त्यांनाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आणि लोकांसमोर सांगितल्या तर त्या पाळल्या जातात. एक, सावकाश. मल्याळममध्ये त्याला "पदुक्के" म्हणतात. हा एक शब्द मी पाठ करतो. 1945 साली न्यूरेंबर्गच्या खटल्यात एकाच वेळी चार भाषांत काम चालायचं, तेव्हा बोलणाऱ्यासमोर दिवे असत : पिवळा लागला की सावकाश, लाल लागला की थांब. आमच्याकडे बाईंच्या हातात फायलीचा पिवळा पुठ्ठा असतो. पण त्याचा अर्थ लोकांनाही आधी सांगायचा, नाहीतर पाहुण्यांना फुटबॉलमधलं पिवळं कार्ड दाखवल्याची बातमी बाजारापर्यंत जाते. दुसरी गोष्ट, विनोद केल्यावर चार श्वास थांबा. मराठीत पोचायला तेवढा वेळ लागतो. पाहुणे थांबले नाहीत, तर पुढचं वाक्य खतांच्या दुःखद अनुभवाचं असतं आणि लोक नेमके त्यावर हसतात.

बाई एकट्याच आहेत हे विसरायचं नाही. असं काम करणारे नेहमी जोडीने बसतात आणि वीस ते तीस मिनिटांनी अदलाबदल करतात, कारण त्यापुढे डोकं चालेनासं होतं आणि वाक्यं गळू लागतात. म्हणून मी ओळखीतच जाहीर करतो : पंचवीस मिनिटं भाषण, दहा मिनिटं फणसाचे तळलेले गरे, मग पुन्हा पंचवीस. गऱ्यांचं श्रेय संयोजक घेतात.

खरा घोळ शब्दांचा. मल्याळममध्ये फणसाला म्हणतात "चक्क". पाहुणे भाषणात हा शब्द शंभरेकदा उच्चारणार, आणि मोकळ्या कानाने ऐकणाऱ्या आपल्या माणसाला दर वेळी वाटणार की त्यांना कशाचं तरी अतोनात आश्चर्य वाटतंय. हे मी सूचनेतच सांगून टाकतो, म्हणजे हसू एकदाच येऊन जातं. त्यापुढचा शब्द मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिकडे घट्ट, कोरड्या गऱ्याच्या फणसाला "वरिक्क" म्हणतात. आपल्या कानाला तो थेट "बरका" वाटतो. पण आपला बरका म्हणजे गिळगिळीत, रसाळ. वरिक्क म्हणजे आपला कापा, अगदी उलट. "वेफर्ससाठी वरिक्क घ्या" ह्याचं कोणी कानाच्या भरवशावर "बरका घ्या" केलं, तर अर्ध्या तालुक्याच्या कढईत लगदा. आणि त्यांच्याकडच्या बरक्याचं नाव "कूऴ". त्यातला शेवटचा उच्चार आपल्या "ळ"च्या जवळचा, त्यामुळे ऐकू येतं "कूळ". कोकणात भरसभेत "कूळ" हा शब्द उच्चारला, की बागायतदार आणि कुळं दोघंही सावरून बसतात आणि सातबाऱ्यावर चर्चा सुरू होते.

म्हणून ओळखीच्या वेळी व्यासपीठामागे एक फळा असतो. त्यावर पाचच जोड्या : चक्क – फणस, वरिक्क – कापा, कूऴ – बरका, इडिच्चक्क – कुयरी, चक्कक्कुरु – आठळी. बाईंना ही यादी आदल्या दिवशी मिळालेली असते. संयोजकांच्या मते ती सकाळी चहाबरोबर दिली तरी चालते. चालत नाही.

प्रश्नोत्तरांची सूचनाही मी ओळखीतच उरकतो, कारण नंतर कोणी ऐकत नाही : प्रश्न माइकवरच विचारायचा. ह्यावर एक आजोबा उठतातच. "माका माईक कित्याक व्हयो? माझो आवाज वाडीभर जाता." जातो, शंका नाही, पण तो मिक्सरच्या तारेत जात नाही, आणि पडद्याआडच्या बाईंच्या कानात फक्त तार आहे. मग आजोबा खणखणीत आवाजात तीन मिनिटं बोलतात, सगळं सभागृह माना डोलावतं आणि ज्यांच्यासाठी प्रश्न आहे ते पाहुणे हात जोडतात.

उरली यंत्रं परत घेण्याची बाब. आधार कार्ड ठेवून घेतलं तर ती कार्डं परत करण्याचं दुसरं संमेलन भरवावं लागतं. आभारप्रदर्शनात आवाहन केलं तर आभारप्रदर्शन कोण ऐकतं? सोपी युक्ती : जेवणाचं कुपन रिसीव्हर दिल्यावरच मिळेल, आणि हे पहिल्या चाळीस सेकंदांतच सांगायचं. एवढं करूनही सहासात यंत्रं कानांतच राहतात. पण शेवटी दमलेल्या बाई आपला माइक बंद करायला विसरतात आणि केटररच्या पोराला विचारतात, "मोदक किती उरले रे?" तो सांगतो, "पंधराएक." ती सहासात यंत्रं कुपनाच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी पोचतात.