लातूरच्या आमच्या वाचा-उपचार केंद्राबद्दलच्या अभिप्रायाला उत्तर

«पहिल्या पाच बैठकांत काहीच शिकवले नाही, नुसती चित्रे दाखवून वहीत खुणा केल्या आणि फी घेतली. मग एकच अक्षर धरले, बाकीची तशीच सोडून दिली. शेवटी हातात आलेख ठेवला. उपचार हवा होता, माझ्या मुलावर प्रयोग नको होता. एक तारा.»

आदरणीय पालक,

आपल्या मुलाच्या नोंदींबद्दल मी येथे एक अक्षरही लिहिणार नाही, कारण त्या त्याच्या आहेत आणि हे पान सर्वांना दिसते. म्हणून आमची पद्धत मी औसा भागातून येणाऱ्या एका दुसऱ्या मुलाच्या उदाहरणाने सांगतो. त्याच्या घरच्यांची तशी परवानगी आहे.

हा साडेपाच वर्षांचा मुलगा ‘क’ला ‘त’ म्हणत असे, ‘स’चाही ‘त’ करत असे आणि ‘र’च्या जागी ‘ल’ घालत असे. आम्ही प्रत्येक ध्वनीसाठी दहा चित्रे ठरवली. शब्द निवडताना एका शब्दात दोन अडचणीचे ध्वनी येणार नाहीत, हे पाहावे लागते. कापूस आणि कणीस हे आपल्याकडचे रोजचे शब्द त्यामुळेच बाजूला ठेवले, कारण दोन्हींत ‘क’ही आहे आणि ‘स’ही. ‘क’साठी केळी, नाक, मका, ‘स’साठी ऊस, साप, बस आणि ‘र’साठी तूर, विहीर, वारा असे शब्द घेतले. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणे मात्र आम्ही कधीच चूक म्हणून मोजत नाही, कारण घरी सगळे तसेच बोलत असतील तर मुलगा बरोबरच बोलतो आहे.

मोजताना मुलाला दुरुस्त करायचे नसते, शाबासकीही द्यायची नसते, आणि हीच चित्रे पुढे शिकवण्यासाठी वापरायची नसतात. पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो, पण उपचार नसताना मूल कुठे उभे आहे, हे एका दिवसाच्या मोजणीवरून कळत नाही. मुलाला सर्दी असते, प्रवासाने ते थकलेले असते, नव्या माणसापुढे गप्प बसते. बहुतेक घरचे मुलाचे बोलणे सर्वांत जास्त खटकू लागले की आमच्याकडे येतात, आणि तशा वेळी एकदाच मोजले तर पुढची नैसर्गिक सुधारणाही उपचाराच्या खात्यावर जमा होते. या मुलाच्या ‘क’ची पाच बैठकांतली नोंद दहापैकी 1, 0, 1, 1, 0 अशी होती. ‘स’ 1 आणि 2 यांच्यामध्येच राहिला. या दोन्ही रेषा आडव्या होत्या. ‘र’ मात्र 0, 0, 1, 1, 2 असा चढत होता, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सहाव्या बैठकीपासून आम्ही फक्त ‘क’ शिकवला. उरलेल्या दोन ध्वनींची मोजणी चालूच होती, शिकवणी नव्हती. या रचनेला मल्टिपल बेसलाइन म्हणतात. उपचार सुरू करायचा, मग थांबवायचा आणि सुधारणा मावळते का ते पाहायचे, अशीही एक रचना आहे. जी सवय चित्रांच्या वेळापत्रकासारख्या एखाद्या साधनावर टिकून असते, तिच्यासाठी ती ठीक आहे. पण एकदा जिभेला बसलेला ‘क’ शिकवणी थांबवली म्हणून परत जात नाही, आणि जात असता तरी तो कुणी मुद्दाम घालवला नसता. म्हणून आम्ही ध्वनी एकामागून एक घेतो. त्यातही जवळचे ध्वनी घेऊन चालत नाही. ‘क’ शिकवला की ‘ग’ बहुधा आपोआप सुधारू लागतो, त्यामुळे ‘ग’ तुलनेसाठी निरुपयोगी असतो.

‘क’ 2, 4, 6, 7, 8, 8, 9 असा वर गेला. त्याच सात बैठकांत ‘स’ आधीसारखाच 1 आणि 2 वर थांबलेला होता. मुलगा केवळ वयाने, शाळेने किंवा आमच्या सहवासाने सुधारत असता, तर ‘स’नेही थोडी तरी हालचाल केली असती. तेराव्या बैठकीपासून ‘स’ शिकवायला घेतला आणि तोही 3, 5, 6, 8, 8 असा उठला.

आलेख वाचताना आम्ही शिकवणी सुरू झाल्याची उभी तुटक रेषा पाहतो आणि तिच्या दोन्ही बाजूंची तुलना करतो. पातळी बदलली का, रेषेचा कल बदलला का, चढउतार किती आहे, बदल लगेच दिसला की पाच-सहा बैठकांनी, आणि उपचारातले किती बिंदू आधीच्या बिंदूंच्या पट्ट्यातच पडले, हे आम्ही बघतो. येथे ‘क’ आणि ‘स’ या दोन्हींत एकही बिंदू जुन्या पट्ट्यात नव्हता.

‘र’ची गोष्ट वेगळी झाली. तो शिकवण्याआधीच चढू लागला होता आणि बाराव्या बैठकीला 5 वर पोचला. त्या वेळी आम्ही ‘र’ शिकवायला घेतला असता, तर रेषा आपल्या चालीने वर जात राहिली असती आणि श्रेय आम्हाला मिळाले असते. व्यवसायाच्या दृष्टीने ते सोयीचे होते, हे मी नाकारत नाही. आम्ही ‘र’ला हात लावला नाही, त्याच्या बैठका लावल्या नाहीत, आणि पुढे तो 8 पर्यंत आपोआप गेला.

त्यामुळे या मुलाबाबत आमच्याकडे परिणामाचे दोनच पुरावे उरले. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसने 2010 मध्ये अशा रचनांसाठी जे निकष छापले, त्यांत वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा परिणाम दिसावा आणि प्रत्येक टप्प्यात किमान पाच बिंदू असावेत, असे म्हटले आहे. पाच बैठकांचा आमचा आग्रह तिथूनच आलेला आहे. दोन पुराव्यांवर मी त्या घरच्यांना ‘उपचार लागू पडलेला दिसतो’ इतकेच लिहून दिले, ‘सिद्ध झाले’ असे लिहिले नाही. तो निष्कर्षही त्या एका मुलापुरता आहे.

नजरेने आलेख वाचण्यात धोका आहे, कारण जाणकारांचीही एकाच आलेखावर मते वेगळी पडतात, आणि शिकवणाऱ्याला आपल्याच रेषा अधिक चढत्या दिसतात. म्हणून प्रत्येक टप्प्यातल्या किमान पाचव्या हिश्श्याचे ध्वनिमुद्रण आमच्या सहकारी, कोणत्या दिवसाचे हे न सांगता आणि क्रम बदलून, ऐकतात व स्वतंत्र गुण देतात. दोघांचे गुण दहापैकी आठ शब्दांवरही जुळले नाहीत, तर ती मोजणी आम्ही धरत नाही. कोणता ध्वनी आधी घ्यायचा, तेही चिठ्ठी टाकून ठरते, म्हणजे सोपा ध्वनी पुढे करण्याचा मोह राहत नाही.

थांबून मोजणे सर्वांसाठी योग्य नाही, हेही खरे. गिळताना ठसका लागतो किंवा मूल स्वतःला इजा करते, अशा वेळी आम्ही पाच बैठका वाट पाहत नाही. ‘क’चा ‘त’ होण्यात तसा धोका नाही. आणि मोजणीचा काळ वाया जाऊ नये म्हणून त्याच दिवसांत श्रवण तपासणीही उरकून घेतली जाते.

फीबाबत सांगायचे तर मोजणीच्या बैठकीची फी शिकवणीच्या निम्मी असते आणि पावतीवर ती वेगळी लिहिलेली असते. ती घेणे मला रास्त वाटते, कारण तीही तज्ज्ञाचीच अर्धा तासाची बैठक असते. संमतीपत्रात हा क्रम आणि ही फी दोन्ही मराठीत लिहिलेली आहेत. आपली प्रत हाताशी नसेल तर स्वागतकक्षात मागावी.

आपल्या मुलाच्या मूळ नोंदी, तिन्ही आलेख आणि ध्वनिमुद्रणे आपल्याला विनाशुल्क मिळतील. ती नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवता येतील. दाखवताना, न शिकवलेल्या ध्वनीची रेषा त्या काळात कशी होती, हे त्यांना आवर्जून विचारावे.

आपला,
केंद्रचालक