तिसरी उघडते, सातवी मिटते: एका प्रतिक्रियेला उत्तर

मेंदूतून निघणाऱ्या बारा क्रेनिअल नर्व्ह लक्षात राहाव्यात म्हणून मागे चेहऱ्याच्या चित्रावर १ ते १२ आकडे काढून दाखवले होते, त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"सर, चेहऱ्यावर आकडे काढायची युक्ती जरा शाळकरी वाटली. वर डोळा तिसऱ्या नर्व्हचा म्हणता, खाली सातवी डोळा मिटते म्हणता, मग खरं काय? आम्हाला 'सम से मॅरी मनी' पुरतं."

शाळकरी आहे हो, मान्य. पण 'सम से मॅरी मनी' या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांतून फक्त नर्व्ह सेन्सरी म्हणजे संवेदनेची, मोटर म्हणजे हालचालीची की दोन्ही एवढंच कळतं, ती नक्की करते काय ते नाही. चित्रात बघा, नाकावर १ म्हणजे वास, डोळ्यात २ म्हणजे दिसणं, बुबुळाभोवती ३, ४, ६ म्हणजे डोळा फिरवणं, गालावर ५ म्हणजे चेहऱ्याचा स्पर्श आणि चावणं, कानाशी ८ म्हणजे ऐकणं आणि तोल, घशात ९ आणि १०, खांद्यावर ११, जिभेवर १२; सातवर खाली येतोच. (दहावी घशातून खाली पार पोटापर्यंत जाते, ती चित्रात मावत नाही.)

आता तुमचा प्रश्न. दोन्ही खरं आहे, कारण पापणीला दोन मालक आहेत. रोमन तीन म्हणजे तीन काठ्या, पापणी वर टेकू देऊन धरणाऱ्या. इंग्रजी सात म्हणजे आकडा, दोन्ही अर्थांनी, पापणी खाली ओढणारा. म्हणून तिसरी गेली की पापणी पडते आणि सातवी गेली की डोळा मिटतच नाही.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एक काका आहेत, सकाळी चूळ भरताना डावीकडून पाणी गळायला लागलं, डावा डोळा मिटेना, घरच्यांनी लगेच अर्धांगवायू म्हणून रडारड सुरू केली. मी म्हटलं काका, भुवया वर करा. उजव्या कपाळावर आठ्या, डावं कपाळ सपाट! मेंदूच्या वरच्या भागातला स्ट्रोक असता तर तोंड वाकडं होऊनही आठ्या पडल्या असत्या, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, खालच्या चेहऱ्याला मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. कपाळही गेलं म्हणजे बिघाड सातव्या नर्व्हमध्येच असण्याची शक्यता जास्त. शिवाय त्यांना डाव्या कानात मिक्सरचा आवाज नकोसा होत होता आणि चहाची चवही कमी लागत होती. कानातला आवाज आवरणारा छोटा स्नायू आणि जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव, दोन्ही सातवीकडेच.

तरी तडक दवाखान्यात नेलंच, कारण ब्रेनस्टेममधला, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातला स्ट्रोकसुद्धा कधीकधी कपाळ घेऊन जातो, ते घरी आठ्या बघून ठरवता येत नाही. तिथे बेल्स पाल्सी, म्हणजे सातव्या नर्व्हचाच बिघाड निघाला, त्याच दिवशी स्टेरॉइड चालू झालं (पहिल्या ३ दिवसांत चालू केलं तर फायदा जास्त), डोळा कोरडा पडू नये म्हणून ड्रॉप्स आणि रात्री पापणीवर टेप.

एक चूक मात्र माझीच. '७ म्हणजे चेहरा' एवढंच लिहून मोकळा झालो होतो, चव राहिलीच. चित्रातल्या सातला आता जिभेच्या टोकापर्यंत शेपूट काढलंय.