आमची कुठेही शाखा नाही

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी एक गृहस्थ घाईघाईने स्टॉलवर आले, मी व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं, तर म्हणाले, "ते राहू द्या, टॉयलेट नेमकं कुठल्या बाजूला?" त्यांची काहीच चूक नाही, कारण आमच्या कॅप्शनमध्ये छापलंच होतं, 'हॉल २, टॉयलेटसमोर'.

आम्ही भोसरीत हायड्रॉलिक होजची फिटिंग्ज बनवतो. तीन बाय तीन मीटरचा स्टॉल, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वर आयोजकांनी चिकटवलेलं कंपनीचं नाव, ज्यात आपल्याला काही करता येत नाही. हातात राहतं ते मागच्या पॅनेलवरचं आणि व्हॉट्सॲपवर फोटोखाली जाणारं कॅप्शन. मी लिहिलं होतं ते एवढंच:

'हॉल २, स्टॉल बी-२७, गेट ३ मधून शिरल्यावर उजवीकडची दुसरी रांग. कार्बन स्टील आणि एसएस फिटिंग्ज: बीएसपी ६० डिग्री, जेआयसी ३७ डिग्री, मेट्रिक २४ डिग्री. भेटीची वेळ व्हॉट्सॲपवर ठरवा, २० मिनिटं; सॅम्पल किंवा ड्रॉइंग आणा.'

शेवटची ओळ फुकटची नाही. फिटिंगच्या तोंडाचे हे कोन नुसत्या डोळ्यांना चटकन ओळखू येत नाहीत, चुकीची जोडी दोन-तीन आटे बसतेसुद्धा, आणि मग प्रेशर आलं की गळायला लागते. माणूस तुटका तुकडा खिशात घालून आला की थ्रेड गेज लावून लगेच सांगता येतं, नाहीतर वीस मिनिटं 'तो जरा मोठावाला' यातच जातात. बी-२७ पण मी फायनल लेआउट हातात आल्यावरच टाकला, कारण आधीच्या नकाशावर आम्ही बी-३१ होतो आणि शेजारच्याने तोच जुना नंबर छापून ठेवलेला.

हे घेऊन मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो आणि तिथे मामा होते. मामा म्हणजे आमच्या शेठचे मामा, म्हणून सगळ्या कंपनीचे मामा, रिटायर झाल्यापासून छपाई खातं त्यांच्याकडे, कुणी दिलं विचारू नका.

"वर गणपती कुठाय?"

"मामा, जागा कमी आहे."

"गणपतीला जागा कमी?" ते फ्लेक्सवाल्याकडे बघून म्हणाले, जणू मी मंडळाची वर्गणी बुडवली. मग चष्मा कपाळावर. "हे डिग्री-बिग्री काय? शाळा आहे का? लिही, सर्व प्रकारची फिटिंग्ज मिळतील."

"अहो, पर्चेसवाला आपला थ्रेड शोधत फिरतो, सर्व प्रकार म्हटलं की पुढे जातो."

"जाईल कसा? विचारेल ना. आणि खाली घे, आमची कुठेही शाखा नाही."

"पण आपली शाखा खरंच कुठे नाहीये, कोण फसणार?"

"म्हणूनच तर लिहायचं, खरं आहे ते!"

यावर मी काय बोलणार. फ्लेक्सवाला हसू दाबत टाईप करत होता. गेट ३ चं त्यांनी 'टॉयलेटसमोर' केलं, कारण "गेट कोण लक्षात ठेवतं, निसर्गाची हाक सगळ्यांना येते". मी रडकुंडीला येऊन शेठना फोन लावला तर शेठ म्हणाले, मामांचं मोडू नका.

भेटीच्या लिंकमध्ये तर कहर. QR मधला पत्ता wa.me/91 आणि पुढे सरळ दहा आकडे असा हवा. मामांनी "एसटीडीला शून्य लागतो" म्हणून 91 च्या पुढे 0 घालायला लावला आणि मी प्रूफ मागितलं तर फाईल प्रिंटला गेलेली. स्कॅन केल्यावर चॅट उघडायचीच नाही. मी तरी पहिल्यापासून सांगत होतो की कोड छापलात तरी खाली नंबर मोठ्या आकड्यांत द्या, गर्दी झाली की हॉलमध्ये नेटवर्क आडवं होतं. पण ती जागा गणपतीने घेतली. आता देवाला मी काय नावं ठेवू?

चार दिवसांत व्हॉट्सॲपवर एकही वेळ ठरली नाही. शेठ मात्र खुश, स्टॉलवर गर्दी दिसत होती ना. कॉलेजची पोरं पिशव्या गोळा करायला आली तीही त्यांनी गर्दीत धरली.

शेवटच्या संध्याकाळी पॅनेल काढत होतो तेव्हा राजकोटचे एक व्यापारी थांबले, टेबलावरचा जेआयसी नट हातात फिरवून म्हणाले, "अरे, ३७ डिग्री तुम्ही बनवता? मी परवापासून याच लाईनीत फिरतोय, बी-१९ मध्ये ऑर्डर देऊन आलो, कुठे लिहिलंय का हे?"

मी काही बोलायच्या आत खुर्चीतून मामा म्हणाले, "विचारायचं ना मग!"